१३१ ओळींच्या आड एक ओळ लपते

आढावा बैठकीत परवा पुन्हा तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ चं महाराष्ट्राचं पत्रक जसंच्या तसं पडद्यावर. १३१ निर्देशक, चार रकाने. मागच्या रांगेतून मुंगीएवढे आकडे. साहेब म्हणाले, "सविस्तर माहिती समोर आहेच." समोर होती, पण दिसत कुणालाच नव्हती! मग प्रश्न कोण विचारणार?

आता हेच एका स्लाइडवर करून बघा. आधी प्रश्न ठरवा: पाच वर्षांखालच्या मुलांमधला रक्तक्षय कमी झाला का? मग त्या प्रश्नाची एकच ओळ उचला, ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांची. २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के, २०१९-२१ मध्ये ६८.९ टक्के. शून्यापासून सुरू होणारे दोन खांब काढा. डोक्यावर पूर्ण वाक्य लिहा: "शंभरातली ५४ मुलं रक्तक्षयी होती, २०१९-२१ मध्ये ती ६९ झाली." खाली सर्वेक्षणाचं नाव आणि वर्षं. बस्स. पूर्ण तक्ता छापून प्रत्येकाच्या हातात द्या.

यात एक हमखास चूक होते. पत्रकात नव्या फेरीचे शहरी, ग्रामीण आणि एकूण असे तीन रकाने आहेत, पण जुन्या फेरीचा फक्त एकूण. घाईत नवा ग्रामीण आकडा जुन्या एकूणशी भिडवला की तुलनाच खोटी. एकूण विरुद्ध एकूणच लावायचं.

कुणी म्हणेल, एकच ओळ दाखवणं म्हणजे निवडक सत्य. बरोबर आहे, धोका आहेच. त्याच पत्रकातून संस्थात्मक प्रसूतीची ओळ घ्या, ९०.३ वरून ९४.७, आणि टाळ्या मिळवा. आकडा खरा, पण बैठक कुपोषणाची असेल तर ती धूळफेक. म्हणून ओळ प्रश्नावरून निवडायची आणि प्रश्न आकडे बघण्याआधी, अजेंड्यावर लिहायचा. उलट बाजूही सांगतो. खुजेपणा ३४.४ वरून ३५.२ झाला. नमुना सर्वेक्षणात एवढ्या फरकावर "वाढला" अशी बोंब मारू नका. "जागचा हलला नाही" एवढंच म्हणा, आणि तेही पुरेसं लाजिरवाणं आहे.

रक्तक्षयाचा आकडा टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तावरून काढलेला आहे, त्या पद्धतीवर आक्षेप आहेत. तीही ओळ स्लाइडच्या तळाशी टाका. पण दोन्ही फेऱ्यांत रक्त त्याच पद्धतीनं घेतलं होतं. त्यामुळे "यंत्र चुकलं असेल" म्हणून पंधराचा फरक झटकून टाकता येत नाही.

पुढच्या बैठकीत पूर्ण पत्रक पडद्यावर आलं, तर हात वर करा आणि विचारा: साहेब, यातली आजची ओळ कोणती?