छाट विडीचा निवाडा आणि नियमांची सत्ता

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आणल्या. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा आणि विडी व सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा, हे दोन्ही त्या संहितांच्या पोटात गडप झाले. या संहितांची पाने चाळली तर एक शब्दप्रयोग पदोपदी भेटतो: ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’. त्याचा सरळ अर्थ असा की, येथे कायद्याने तपशील ठरवलेला नाही. तो सरकार पुढे राजपत्रात नियम छापून ठरवील. कामगारांच्या पदरात काय पडणार, याचा बराचसा निर्णय त्यामुळे संसदेच्या सभागृहाबाहेर व्हावयाचा आहे. अशा वेळी जबलपूरपासून गोंदियापर्यंत पसरलेल्या विडी-पट्ट्याचा न्यायालयीन इतिहास पुन्हा एकदा तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल. नियम करण्याची ही सत्ता कोठून येते, कोठे संपते आणि न्यायालय तिला कोठे अडवते, हे त्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते.

कायदेमंडळाने नियम करण्याचा अधिकार शासनाच्या हाती द्यावाच का, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतात. तो देण्याला सबळ कारण आहे. १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टात ‘विडी वळण्याच्या कामासह तंबाखूचे कारखाने’ हा उद्योग पहिल्यापासून होता. परंतु हजार विड्यांना नागपूर शहरात किती दर आणि भंडाऱ्याच्या खेड्यात किती, हे दिल्लीच्या संसदेने ठरवावे आणि महागाई वाढली की दुरुस्ती विधेयक आणावे, असे म्हटले तर कामगाराला जन्मभर जुन्याच दरावर राहावे लागले असते. म्हणून संसदेने धोरण ठरवले आणि आकडा ठरवण्याचे काम राज्य सरकारकडे सोपवले. सोपवताना वाटही आखून दिली. एक तर समिती नेमावी, नाही तर प्रस्तावित दर राजपत्रात छापून हरकतींसाठी निदान दोन महिने द्यावेत व सल्लागार मंडळाचे मत घ्यावे. आणि पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार करावा. अजमेरच्या गिरणीमालकांनी १९५४ साली या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयात हल्ला चढवला, तेव्हा न्यायालयाने तो परतवून लावला. धोरण संसदेने स्वतः ठरवले असेल तर तपशील दुसऱ्याच्या हाती देण्यास हरकत नाही, हे सूत्र तेव्हापासून पक्के झाले.

पण सोपवलेली सत्ता कोणत्या रूपात परत येते, याचा पहिला धडा विडी कामगारांना त्याआधीच मिळाला होता. १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने एक कायदा केला. तेव्हा जबलपूर, सागर आणि गोंदिया ही सर्व गावे एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरला या कायद्याने अधिकार दिला की, त्याने गावे निवडावीत, हंगाम ठरवावा आणि त्या काळात तेथे विडी वळणे बंद करावे. जबलपूरच्या वायव्येस असलेल्या सागर जिल्ह्यात जून १९५० मध्ये असा हुकूम निघाला. नेमलेल्या गावांत राहणाऱ्या कोणीही विडी वळू नये आणि कोणाही मालकाने त्यांना काम देऊ नये! हंगामात मजूर स्वस्त मिळावा ही जमीनदाराची गरज सरकारी हुकुमाने भागवली जात होती, हे उघड होते.

या हुकुमाविरुद्ध एक कारखानदार आणि एक विडी कामगार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये, म्हणजे राज्यघटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, न्या. मेहरचंद महाजन यांनी निकाल दिला. शेतीला मजूर हवेत हे मान्य. पण ही बंदी शेतमजुरांपुरती नाही, ती गावातल्या प्रत्येकावर आहे. जे म्हातारे, अपंग, शेतात राबण्यास असमर्थ स्त्रिया व मुले घरी बसून विडी वळून पोट भरतात, त्यांचाही घास ती काढून घेते, आणि त्यामुळे शेतीला एकही मजूर मिळत नाही. न्यायालयाने केवळ हुकूम रद्द केला नाही. ज्या कलमांनी एका अधिकाऱ्याच्या हाती इतकी बेलगाम सत्ता दिली, ती कलमेच घटनाबाह्य ठरवली.

हा निकाल वाचून न्यायालय हे कष्टकऱ्यांचे कवच आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. जबलपूरचेच नाव मिरवणाऱ्या १९७६ च्या खटल्यात, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयाचे दारच बंद आहे, असे चार विरुद्ध एक मताने याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. तो निकाल चुकीचा होता हे मान्य करायला २०१७ साल उजाडले. आणि विडी कामगारांपुरते बोलायचे तर, पुढचा धडा अधिक कडू होता.

विडी धंद्यातली ‘छाट’ ज्याने पाहिली आहे त्याला तिचे वर्णन करण्याची गरज नाही; इतरांसाठी सांगणे आवश्यक आहे. कामगार स्त्री घरी तेंदूपत्ता आणि तंबाखू नेते आणि वळलेल्या विड्या मोजून देते. सट्टेदार किंवा मालकाचा माणूस त्यातल्या काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढतो. त्या छाट विड्यांचे पैसे तिला मिळत नाहीत. विड्या मात्र बहुधा मालकाकडेच राहतात. हजारांपैकी शंभर विड्या छाटल्या तर हजाराचा दर कागदावर काहीही असो, तिच्या हातात त्याचा नऊ दशांशच पडतो. दर वाढवला तर छाट वाढवावी, ही युक्ती मालकाला कोणी शिकवावी लागत नाही.

तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारने हे ओळखले होते. ११ जून १९५८ रोजी किमान वेतन कायद्याखाली विदर्भातील विडी उद्योगासाठी जी अधिसूचना निघाली, तिच्या पहिल्या दोन कलमांत दर होते. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची कलमे छाटीबद्दल होती: किती टक्के विड्या छाटता येतील, त्यापुढे छाटल्यास काय, आणि वाद झाला तर निरीक्षकाने निर्णय द्यावा. गोंदियाच्या विडी, तेंदूपत्ता व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाने याच पाच कलमांना आव्हान दिले. उच्च न्यायालयात त्यांना यश आले नाही. मग ते दिल्लीला गेले.

१५ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला. छाटीचा प्रश्न खरा आहे हे न्यायालयाने नाकारले नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न निराळा होता: संसदेने राज्य सरकारला काय करण्याचा अधिकार दिला आहे? किमान वेतनाचे दर ठरवण्याचा. कोणती विडी चांगली आणि कोणती खराब, खराब विडीचे काय करायचे आणि त्यावरचा वाद कोणी मिटवायचा, हा कामाच्या कराराच्या इतर अटींचा प्रश्न आहे. तो ठरवण्याचा अधिकार त्या कायद्यात कोठेही नाही. सरकारचा युक्तिवाद असा की, छाटीवर लगाम नसेल तर दर ठरवणे व्यर्थ आहे, म्हणून हा अधिकार दर ठरवण्याच्या अधिकारात अध्याहृत मानावा. न्यायालयाचे उत्तर होते की, दिलेला अधिकार ज्याच्याशिवाय वापरताच येणार नाही, तेवढाच अध्याहृत मानता येतो. दर तर छाटीच्या कलमांशिवायही ठरवता येतात. पाचही कलमे रद्द झाली, दर टिकले.

या निकालाला वर्गीय पक्षपात म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. फायदा मालकसंघाचा झाला, यात शंका नाही. पण ज्या कसोटीने ही कलमे पडली, तीच कसोटी उद्या मालकधार्जिण्या नियमालाही लागते, आणि ती लावण्यासाठी आधी मूळ कायद्यात काय लिहिले आहे हे पाहावे लागते. सरकारी वकिलाचा हेतू चांगला होता. कायद्यात शब्द नव्हते.

शब्द आले ते १९६६ साली. त्या वर्षीच्या विडी व सिगार कामगार कायद्याच्या ३९व्या कलमात संसदेने स्पष्ट लिहिले की, मालकाने दिलेला कच्चा माल, त्याने नाकारलेल्या विड्या आणि नाकारलेल्या विड्यांचे वेतन, यांवरचे वाद राज्य सरकार नियमांनी ठरवील त्या अधिकाऱ्याने, संक्षिप्त पद्धतीने मिटवावेत. त्याखाली महाराष्ट्र आणि म्हैसूर सरकारांनी नियम केले. सर्वसाधारणपणे पाच टक्क्यांहून अधिक छाट करू नये, हे त्यांत होते. मालक पुन्हा न्यायालयात गेले. १९७४ साली मंगलोरच्या विडी कारखानदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदाही उचलून धरला आणि छाटीचे हे नियमही. १९६१ साली ज्या मर्यादेला आधार नव्हता, तशीच मर्यादा १९७४ साली टिकली. दरम्यान बदलले होते ते मूळ कायद्यातले एक कलम. अधिसूचनेपासून या निकालापर्यंत सोळा वर्षे गेली. त्या सोळा वर्षांत किती विड्या छाटल्या गेल्या याचा हिशेब कोणत्याही राजपत्रात नाही.

आता नव्या संहितांकडे वळू. वेतन संहितेचे नववे कलम म्हणते की, केंद्र सरकार कामगाराचे किमान राहणीमान लक्षात घेऊन, विहित पद्धतीने, तळवेतन ठरवील. हे राहणीमान कशाने मोजायचे ते कलम सांगत नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने तीन उपभोग-एककांचे कुटुंब, त्याचा आहार, कापड आणि घरभाडे असे निकष घालून दिले होते. त्या धर्तीचे निकष २०२० च्या मसुदा नियमांत आले. संहितेत आले नाहीत. फरक किरकोळ वाटेल, पण कायद्यातला निकष कमी करायचा तर सभागृहात मतदान घ्यावे लागते. नियमातला निकष एका अधिसूचनेने उतरतो. तो उतरला तर न्यायालय काय करील? ‘किमान राहणीमान’ या दोन शब्दांना धरून नियम बाहेर जातो का, एवढेच ते पाहील. निकष स्वतः घालून देण्याचे काम ते करणार नाही.

संसदेची देखरेख आहे, ती अशी की नियम सभागृहापुढे ठेवावे लागतात आणि तीस दिवसांत दोन्ही सभागृहांनी एकमताने बदल सुचवला तर तो होतो. दरम्यान झालेले व्यवहार मात्र कायम राहतात. लोकसभेची प्रत्यायोजित विधानविषयक समिती १९५३ पासून काम करते आणि तिचे अहवाल वाचण्यासारखे असतात. पण नियम रद्द करण्याचा अधिकार तिला नाही.

राहता राहिला पूर्वप्रसिद्धीचा टप्पा. नियमांचा मसुदा आधी छापून हरकती विचारात घेतल्या पाहिजेत, असे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे २३वे कलम सांगते. त्याच कलमाच्या शेवटी एक फास आहे: अंतिम नियम राजपत्रात छापला गेला की, तो रीतसर झाला याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. आमची हरकत वाचलीच नाही, असे नंतर न्यायालयात सांगून फारसे काही साधत नाही. म्हणून जबलपूर, सागर आणि गोंदियाच्या, तसेच सिन्नर, संगमनेर, सोलापूर आणि निपाणीच्या विडी कामगार संघटनांनी राज्याराज्यांचे मसुदे निघताच ते मिळवावेत, छाटीची मर्यादा व तिच्यावरचा वाद मिटवणारा अधिकारी यांचा उल्लेख त्यांत आहे का ते पाहावे, त्या नियमाला मूळ संहितेच्या कोणत्या कलमाचा आधार दाखवला आहे ते ताडून घ्यावे, आणि मुदतीच्या आत लेखी हरकत देऊन तिची पोच घ्यावी. आधाराचे कलमच सापडले नाही, तर मागणी नियमदुरुस्तीची न ठेवता संहितेच्या दुरुस्तीची ठेवावी आणि ती खासदारांच्या हाती द्यावी.