चमक झाडाची असते, डब्यातली नाही

आमच्या समोर इमारतीचं काम सुरू झालं आणि हॉलमधल्या रबर प्लांटची पानं आठवड्याभरात राखाडी झाली. नर्सरीवाल्याने लगेच लीफ शाइनचा डबा पुढे केला. 'मारा, नव्यासारखं दिसेल.' दिसलंही. पंधरा दिवसांनी पानावरून बोट फिरवलं, तर धूळ निघेना. चिकटून बसली होती.

यात नवल काहीच नाही. असल्या स्प्रेमध्ये सहसा तेल, मेण नाहीतर सिलिकॉन असतं. तेलकट पान धूळ धरून ठेवतं, आणि धूळ पानापर्यंत येणारा प्रकाश अडवते. घरात तो आधीच कमी. म्हणजे धुळीवर उपाय म्हणून आणलेली वस्तू धुळीचीच सोय करते!

आता विरोधकांचं एक लाडकं वाक्यही तपासू: 'स्प्रेने रंध्रं बुजतात, झाड गुदमरतं.' रबर प्लांटची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. त्यामुळे वरून एकदा हलका स्प्रे मारल्याने झाड मरत नाही. धोका आहे तो खालून मारण्यात, कोवळ्या पानांवर मारण्यात आणि पुन्हा पुन्हा थर चढवण्यात. स्प्रे मारून झाड उन्हात ठेवलं तर पान करपूही शकतं. आणि 'केमिकल नको' म्हणून खोबरेल तेल चोळणाऱ्यांनो, तुमचं तेलही तेलच आहे.

मग करायचं काय? आधी कोरड्या मऊ फडक्याने किंवा ब्रशने धूळ झटकायची, नाहीतर तिचा चिखल होतो आणि त्यातले बारीक कण पानावर ओरखडे काढतात. मग पानाखाली तळहाताचा आधार देऊन, ओल्या सुती फडक्याने देठाकडून टोकाकडे पुसायचं. फडकं दर काही पानांनी धुवायचं. खालची बाजू विसरायची नाही, कारण लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण तिथेच सापडतात. टोकाशी लालसर आवरणात गुंडाळलेल्या नव्या पानाला हात लावायचा नाही.

आमच्या पानांवरचा थर नुसत्या पाण्याने गेला नाही. लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून पुसलं, मग साध्या पाण्याने पुन्हा पुसलं, तेव्हा गेला. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उरले तर पाण्यात थोडं लिंबू पिळून पुसायचं आणि नंतर साधं पाणी फिरवायचं. आफ्रिकन व्हायोलेटसारख्या लव असलेल्या पानांना मात्र यातलं काहीच नको. त्यांना फक्त कोरडा ब्रश.

पुसून झाल्यावर आमचं झाड चकाकलं. रबर प्लांटच्या पानावर स्वतःचा मेणाचा थर असतो, आणि ती चकाकी त्याचीच. डब्यातून आपण विकत घेतो ती तिची नक्कल.