स्वागत पुरे, वाट दाखवा

बँकेच्या संकेतस्थळावर उजव्या कोपऱ्यात संवादाची एक छोटी चौकट असते. ग्राहकाने ती उघडली की पहिले वाक्य उमटते : ‘नमस्कार, आपले स्वागत आहे. आम्ही आपली काय सेवा करू शकतो?’ सौजन्याच्या दृष्टीने त्यात काहीच उणे नाही. मात्र हे वाक्य ग्राहकाला काही सांगत नाही, आणि त्याच्याकडून नेमके काही मागतही नाही.

याचा परिणाम काय होतो, ते एका सहकाऱ्याच्या अनुभवावरून पाहू. महिन्याच्या दोन तारखेला त्यांनी एटीएममधून तीन हजार रुपये काढावयास घेतले. नोटा बाहेर आल्या नाहीत. खात्यातून रक्कम मात्र वजा झाली. त्यांनी चौकटीत लिहिले, ‘पैसे गेले.’ पलीकडच्या कर्मचाऱ्याने विचारले, केव्हा? मग किती? मग यंत्र कोणत्या बँकेचे? मग कार्डाचे शेवटचे चार अंक कोणते? असा कर्मचारी बहुधा एकाच वेळी दोन-तीन ग्राहकांशी बोलत असतो. त्यामुळे प्रत्येक प्रश्नामागे दोन-तीन मिनिटे गेली. चौथ्या प्रश्नापाशी संपर्क तुटला आणि सारे पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरू झाले.

यात कर्मचाऱ्याचा आळस नव्हता. जे चार प्रश्न अशा प्रत्येक तक्रारीत विचारावेच लागतात, ते पहिल्या संदेशात एकत्र विचारले नव्हते, एवढाच दोष. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर व्यवहाराचा खर्च येथे संस्थेने ग्राहकाच्या वेळावर ढकलला. हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो कमी करण्याची घाईही कोणाला नसते.

दुसरी गोष्ट माहितीच्या विषमतेची. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते बँकेने आपण होऊन परत जमा करावयाचे आहेत. त्यानंतरच्या विलंबासाठी दररोज शंभर रुपये भरपाई आहे, आणि तीही तक्रारीची वाट न पाहता द्यावयाची आहे. म्हणजे दोन तारखेच्या व्यवहाराची मुदत सात तारखेपर्यंत. रक्कम दहा तारखेला जमा झाली, तर तीन दिवसांचे तीनशे रुपये ग्राहकाचे. बँकेला हे ठाऊक असते, ग्राहकाला नसते. पहिल्याच संदेशात ते सांगितले, तर कित्येक ग्राहक निश्चिंत होऊन चौकट बंद करतील, आणि रांग तेवढीच आखूड होईल.

तेव्हा तो संदेश कसा असावा? प्रस्तुत लेखकाच्या मते, साधारण असा :

‘नमस्कार. कार्ड हरवले असल्यास येथे न थांबता कार्डामागील क्रमांकावर फोन करा. एटीएममधून पैसे आले नसल्यास तारीख, रक्कम, यंत्राची बँक व ठिकाण आणि कार्डाचे शेवटचे चार अंक एकदमच लिहा. रक्कम पाच दिवसांत जमा होणे अपेक्षित आहे. इतर कामासाठी एका ओळीत विषय लिहा. सध्या सुमारे आठ मिनिटे थांबावे लागेल. पिन किंवा ओटीपी आम्ही कधीही विचारत नाही. आपणही लिहू नका.’

यातील क्रम सहेतुक आहे. कार्ड हरवलेल्या माणसाला प्रत्येक मिनिट धोक्याचे, म्हणून त्याला प्रथम रांगेबाहेर काढले. थांबण्याचा अंदाज सांगितला, म्हणजे थांबावे की उद्या यावे हे ग्राहक स्वतः ठरवू शकतो. मात्र तो आकडा रांगेप्रमाणे बदलता हवा. कायमचा छापून ठेवलेला ‘थोड्याच वेळात’ हा शब्द दुसऱ्या खेपेला कोणी खरा मानत नाही. शेवटची सूचना तर अनिवार्यच, कारण बँकेचा वेष घेऊन हीच गुपिते विचारणारे भामटेही कमी नाहीत.

यावर आक्षेप येईल की, एवढा मजकूर वाचणार कोण? आक्षेप रास्त आहे. मोबाइलच्या पडद्यावर मोजक्याच ओळी दिसतात. म्हणूनच बँकेच्या सगळ्या सेवांची यादी येथे देणे चूक ठरेल. सर्वांत अधिक येणाऱ्या दोन-तीन अडचणींनाच येथे जागा आहे. त्या कोणत्या, हे मागील महिन्याच्या संवादांवरून मोजावे, अधिकाऱ्याच्या अंदाजाने नव्हे.

संदेश साधला की नाही, याची कसोटी सोपी आहे. खरे काम सुरू होण्यापूर्वी कर्मचाऱ्याला किती प्रश्न विचारावे लागले, ते मोजा. संदेश बदलल्यावर ती संख्या चारावरून एकावर आली, तर स्वागत कारणी लागले. ग्राहकांची पहिली ओळ अजूनही ‘कोणी आहे का?’ हीच असेल, तर मात्र तो नमस्कार भिंतीवरच्या सुस्वागतमच्या पाटीपलीकडे गेलेला नाही.