एका ओळीचा दाखला

धुळ्याच्या माझ्या गुरुवारच्या बैठकीत फेब्रुवारी महिना म्हणजे शिक्षकांचा महिना. फेब्रुवारीच्या पगारबिलाआधी शाळेत आयकराचं विवरणपत्रक द्यायचं असतं, त्यामुळे गल्ली नंबर पाचमधल्या आमच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडतो. गेल्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या बाई आल्या. पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यातून एक कागद, आणि म्हणाल्या, "आते काय करू भाऊ? क्लार्कने हा परत दिला."

कागद बँकेचा होता. अर्ध्या पानाचा मजकूर, खाली गोल शिक्का आणि सही. मुलीच्या नावावरील शैक्षणिक कर्जखात्यात १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात १,२८,४४८ रुपये परतफेड, एवढी एकच ओळ. बाईंनी ती सगळी रक्कम कलम ८०ई खाली वजावट म्हणून लिहिली होती. क्लार्कने पेन्सिलीने गोल करून बाजूला विचारलं होतं : "मुद्दल किती? व्याज किती?" उत्तर नाही, म्हणून वजावट शून्य धरली आणि फेब्रुवारीच्या पगारातून साडेपंधरा हजारांवर जास्तीचा कर कापायचं ठरलं.

बाईंचा राग क्लार्कवर होता. मला तो अस्थानी वाटला. कलम ८०ई फक्त व्याजाला वजावट देतं, मुद्दलाला एक पैसाही नाही. २००५ च्या वित्त कायद्यापूर्वी मुद्दल आणि व्याज मिळून चाळीस हजारांपर्यंत वजावट असायची. तेव्हापासून मुद्दल गेलं आणि व्याजावरची कमाल मर्यादाही गेली. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तो जुना नियम आहे, म्हणून ते हप्त्याची पूर्ण रक्कम लिहितात. मुख्याध्यापक हे आहरण व संवितरण अधिकारी. कर कमी कापला तर जाब त्यांना द्यावा लागतो. फोड न करता आलेला आकडा त्यांनी नाकारला तर त्यात वावगं काही नाही. चूक असेल तर दाखल्याची.

मग वर्ष संपल्यावर मी बाईंना खातेउतारा मागायला पाठवलं. दाखल्यापेक्षा उतारा बोलका असतो. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण हिशेब तोच आहे. मुलीचं अभियांत्रिकीचं शिक्षण चार वर्षांचं. जुलै २०१८ पासून दर वर्षी दीड लाख, असे सहा लाख उचलले, व्याजदर १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नव्हता. या काळात सरळ व्याज चढत राहिलं : पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, मग ४५ आणि ३० हजार. एकूण दोन लाख दहा हजार. ३० जून २०२३ ला बँकेने ते मुद्दलात मिळवलं, थकबाकी ८ लाख १० हजार झाली आणि जुलैपासून दहा वर्षांसाठी १०,७०४ रुपयांचा हप्ता सुरू झाला.

२०२४-२५ ला बारा हप्ते गेले, म्हणजे १,२८,४४८. उताऱ्यात १ एप्रिलची बाकी ७,७३,२०५ आणि ३१ मार्चची ७,१९,६६८ होती. मधल्या बारा नोंदींत बँकेने टाकलेल्या व्याजाची बेरीज ७४,९११ आली. ताळा सोपा आहे : सुरुवातीची बाकी, त्यात टाकलेलं व्याज, वजा भरलेली रक्कम, आणि उरेल ती शेवटची बाकी. सात लाख त्र्याहत्तर हजार दोनशे पाचमध्ये चौऱ्याहत्तर हजार नऊशे अकरा मिळवा, एक लाख अठ्ठावीस हजार चारशे अठ्ठेचाळीस काढा; बाकी जुळली. म्हणजे भरल्यापैकी व्याज ७४,९११ आणि मुद्दल ५३,५३७.

हा ताळा घरी वही-पेन्सिलीने कुणालाही जमेल. पण एक अट आहे : सगळे हप्ते वेळेवर गेले असावेत. हप्ता थकला असेल तर बँकेने टाकलेलं व्याज आणि तुम्ही भरलेलं व्याज वेगळं होतं, आणि कायदा भरलेलंच मोजतो. दाखल्यावर "आकारलेलं" व्याज आहे की "वसूल झालेलं", हे म्हणूनच नीट वाचायला हवं. शिवाय फेब्रुवारीतला दाखला अंदाजाचाच असणार, मार्चचा हप्ता अजून जायचा असतो. शेवटचा आकडा एप्रिलनंतरच पक्का होतो.

आता खरा पेच. बाईंनी विचारलं, "ते दोन लाख दहा हजार पण व्याजच होतं ना? मी ते हप्त्यातून फेडतेच आहे. मग ते मुद्दल कसं झालं?" प्रश्न बरोबर आहे, आणि फार थोडे लोक तो विचारतात. व्याज मुद्दलात मिळवलं म्हणून ते भरलं असं होत नाही; बँकेने वहीत एक नोंद फिरवली, इतकंच. धंद्याच्या कर्जाबाबत आयकर खात्याने पूर्वीच सांगितलं आहे की असं कर्जात रूपांतरित केलेलं व्याज प्रत्यक्ष भरलं जाईल त्या वर्षी वजावटीला मिळतं. कलम ८०ई मध्ये मात्र तशी स्पष्ट ओळ नाही.

त्यामुळे हिशेब बँकेच्या खतावणीवर येऊन ठेपतो. काही बँका चढलेलं व्याज मुद्दलात न मिळवता वेगळ्या रकान्यात ठेवतात आणि हप्त्यातून आधी चालू व्याज, मग तो जुना रकाना फेडून घेतात. तसं असतं तर बाईंचे त्या वर्षीचे पूर्ण १,२८,४४८ व्याजात गेले असते, मुद्दलाला हातही लागला नसता. तीच बाई, तोच हप्ता, तेच कर्ज. एका बँकेत वजावट ७४,९११, दुसरीत १,२८,४४८. म्हणून मोबाइलवरच्या हप्ता-गणकातून फोड काढून ती छापून देऊ नका. गणकाला तुमच्या बँकेची खतावणी माहीत नसते. फोड बँकेनेच द्यायला हवी, कारण जमा झालेला पैसा कुठल्या रकान्यात टाकला ते तिलाच ठाऊक असतं.

बाईंच्या बँकेने जून २०२३ ला सरळ मुद्दलात मिळवलं होतं, आणि उताऱ्यात तशी नोंद होती. मी ७४,९११ च धरायला सांगितलं. उरलेल्या ५३ हजारांवरच्या अकरा हजार करासाठी वाद घालायचा तर युक्तिवाद आहे, पण त्या भांडणासाठी लागणारा वेळ आणि फेऱ्या मला त्या रकमेच्या मानाने जास्त वाटल्या. दुसरा सल्लागार दुसरं सांगेल.

फेब्रुवारीत शाळेने वजावट नाकारली म्हणून विषय संपत नाही. फॉर्म सोळामध्ये नसलेली वजावट विवरणपत्रात स्वतः मागता येते, फक्त जुनी करप्रणाली निवडलेली हवी. नव्या प्रणालीत ८०ई मिळतच नाही. विवरणपत्राला कागद जोडायचे नसतात. पण २०२४-२५ च्या वर्षासाठी फॉर्ममध्ये या वजावटीचं स्वतंत्र परिशिष्ट आलं आहे, त्यात बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, कर्जाची रक्कम, वर्षअखेरची बाकी आणि व्याज भरावं लागतं. वर्षअखेरची बाकी आणि व्याज शेजारी-शेजारी आले की सगळा हप्ता व्याज म्हणून लिहिणं आपोआप उघडं पडतं.

पुढे नोटीस आलीच, तर लक्षात घ्या : कलम ८०ई ने दाखल्याचा ठरावीक नमुना घालून दिलेला नाही. दाखला त्रोटक आहे एवढ्यावर पूर्ण वजावट नाकारणं मला पटत नाही. मंजुरीपत्र, वर्षाचा उतारा, ताळ्याचा कागद आणि हप्ते बाईंच्या पगारखात्यातून गेल्याची नोंद एवढं द्यावं. बँक फोड देत नाही असं उत्तरात लिहून, अधिकाऱ्याने कलम १३३(६) खाली बँकेकडून ती मागवावी, अशी विनंतीही करावी. तरीही आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील आहे.

त्याआधी बँकेकडे लेखी अर्ज. तोंडी विचारलं तर "सिस्टिम असाच छापते" असं उत्तर मिळतं, आम्हालाही मिळालं. अर्जात चार गोष्टी मागितल्या : वर्षात वसूल झालेलं व्याज, वसूल झालेलं मुद्दल, सुरुवातीची आणि शेवटची बाकी, आणि बाईंचं सहकर्जदार म्हणून नाव. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण कर्ज मुलीच्या नावावर आणि वजावट आईला. दाखल्यावर आई नसेल तर फोड बरोबर असूनही वजावट अडते. पोच घेतली. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, हे अर्जाच्या शेवटी एका वाक्यात लिहिलं. धमकी म्हणून नाही. पण ते वाक्य वाचलं गेलं असावं.

जळगावचे एक ओळखीचे गृहस्थ याच विषयावर दिवसभर बसून गेले. त्यांनी मुलाची फी पतसंस्थेच्या कर्जातून भरली होती आणि पतसंस्थेने मुद्दल-व्याजाची सुबक फोड, दोन रंगांत छापून दिली होती. उपयोग शून्य. ८०ई ला बँक, सरकारने अधिसूचित केलेली वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था लागते, आणि पतसंस्था त्यात बसत नाही. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था असल्याने ही चूक मी वारंवार पाहतो.

आणखी एक गोष्ट बाईंना सांगावी लागली, ती त्यांना आवडली नाही. वजावट व्याज भरायला सुरुवात केल्याच्या वर्षापासून आठच वर्षं मिळते. त्यांचे हप्ते जून २०३३ पर्यंत आहेत, वजावट मार्च २०३१ ला संपेल. शिकत असतानाच थोडं व्याज भरलं तर बँका दरात सवलत देतात. पण त्या भरण्यानेच आठ वर्षांचं घड्याळ सुरू होतं, हे कर्ज घेताना कुणी सांगत नाही.

जूनमध्ये नवा दाखला आला. दोन रकाने, दोन्ही नावं, व्याज ७४,९११. विवरणपत्र भरलं, कापलेल्या जास्तीच्या कराचा परतावा खात्यात आला. या फेब्रुवारीत बाई पुन्हा जिना चढून आल्या, तेच प्लास्टिकचं फोल्डर घेऊन. बँकेने या वर्षीचा दाखला दिला होता. एक ओळ : वर्षभरात १,२८,४४८ रुपये परतफेड.