विशीनंतरचा चष्मा

वाढ थांबली की चष्म्याचा नंबरही थांबतो, हा समज ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ‘रेन स्टडी’ने मोडीत काढला. तिथे विसाव्या वर्षी लांबचे नीट दिसणाऱ्या तरुणांपैकी सुमारे १४ टक्क्यांना अठ्ठाविशीपर्यंत लघुदृष्टी आली. एकूण सहभागींचा नंबर मात्र सरासरी वर्षाला फक्त ०.०४ने सरकला, म्हणजे आठ वर्षांत पाव नंबराहून थोडा जास्त. तेव्हा तो वाढतच जाईल ही धास्ती बहुतेकांसाठी अनाठायी आहे.

मोबाइललाच दोषी धरण्याची घाई होते. जवळच्या कामाचा संशय रास्त असला, तरी या अभ्यासात ठळक दिसले ते आईवडिलांची लघुदृष्टी आणि अंगावर कमी पडलेले ऊन. ते ऊनही आठवणीवर विसंबून नव्हे, तर बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर उमटलेल्या खुणांवरून मोजलेले. शिवाय दिवसभर स्क्रीनकडे पाहून डोळ्यातला स्नायू आखडला, तर खोटा नंबर निघतो. तो बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर ओसरतो. म्हणून पहिला चष्मा थेंब घालून तपासल्याशिवाय घेऊ नका. नंबर काही आठवड्यांतच बदलला, तर आधी रक्तातली साखर तपासा.