घरचा जमाखर्च : कर्ज मुदतीआधी फेडताना विवरण मागून घ्या

घरात चार पैसे अनपेक्षितपणे हाती आले, पगाराची थकबाकी मिळाली किंवा एखादी ठेव परिपक्व झाली, की डोक्यावरचे वैयक्तिक कर्ज एकदाचे फेडून टाकावे असे पुष्कळांना वाटते. हा विचार स्वाभाविक आहे. मात्र पासबुकात किंवा भ्रमणध्वनीवर ‘शिल्लक मुद्दल’ म्हणून जो आकडा दिसतो, तेवढी रक्कम भरली म्हणजे कर्ज मिटले, ही समजूत खरी नव्हे. कर्ज बंद करण्याची रक्कम निराळी असते आणि ती सावकार संस्थेकडून लेखी मागवावी लागते. बँकांच्या व्यवहारात ह्या कागदाला ‘फोरक्लोजर स्टेटमेंट’ असे म्हणतात. आपण त्याला बंदोबस्ताचे विवरण म्हणू.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी दोन लाख रुपयांचे कर्ज दरसाल १२ टक्के स्थिर व्याजाने तीन वर्षांसाठी काढले आहे. मासिक हप्ता ६,६४३ रुपयांचा असून तो दर महिन्याच्या ५ तारखेस बँकेतून आपोआप वळता होतो. वीस हप्ते भरून झाले, सोळा उरले. आता मुद्दल ९७,७६६ रुपये शिल्लक आहे आणि गृहस्थांना १७ तारखेस कर्ज बंद करावयाचे आहे.

विवरणात पहिली ओळ ह्याच मुद्दलाची असेल. दुसरी ओळ ५ ते १७ तारखेपर्यंतच्या बारा दिवसांच्या व्याजाची. मुद्दलास १२ टक्क्यांनी गुणून ३६५ ने भागले, तर रोजचे व्याज सुमारे ३२ रुपये पडते, म्हणजे बारा दिवसांचे ३८६. तिसरी ओळ मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काची. करारात ते फेडल्या जाणाऱ्या मुद्दलाच्या ४ टक्के लिहिले असेल, तर ३,९११ रुपये होतात. शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ७०४ रुपये. सारे मिळून १,०२,७६७ रुपये. ज्यांनी केवळ ९७,७६६ रुपये घेऊन शाखेत पाऊल टाकले, त्यांना पाच हजार कमी पडले!

ह्यापेक्षाही वाईट असे, की कोणाशी न बोलता ती रक्कम परस्पर कर्जखात्यात भरली जाते. संस्थेस ती आगाऊ भरणा किंवा अंशतः परतफेड समजता येते. कर्ज मिटत नाही, थोडीशी बाकी राहते आणि पुढच्या ५ तारखेस हप्ता पुन्हा वळता होतो. म्हणून आधी विवरण, मग पैसे, हा क्रम बदलू नये.

विनंती लेखी करावी. ई-मेलने पाठविल्यास तिची तारीख आपोआप नोंदली जाते. शाखेत द्यावयाची असल्यास दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कर्ज नागपुरात काढून आता बदलीमुळे भोपाळ किंवा हैदराबादेस राहणाऱ्या वाचकांना ई-मेलच सोयीचा. मजकूर हिंदीत अथवा इंग्रजीत लिहावा लागला, तरी त्यात पुढील आशय असावा :

‘माझे वैयक्तिक कर्ज, खाते क्रमांक अमुक, मला १७ तारखेस पूर्ण फेडून बंद करावयाचे आहे. त्या दिवशीचे शिल्लक मुद्दल, मागील हप्त्यापासूनचे व्याज व रोजच्या व्याजाची रक्कम, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आणि करारातील ज्या कलमान्वये ते आकारले जाते ते कलम, त्यावरील कर, तसेच इतर काही येणे असल्यास त्याचा स्वतंत्र तपशील द्यावा. ही एकूण रक्कम कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य राहील आणि ती कोणत्या रीतीने भरावी, हेही कळवावे.’

विनंती हप्ता वळता झाल्यावर करावी, आधल्या दिवशी नव्हे. हप्ता जमेस धरण्यापूर्वीच विवरण तयार झाले, तर तोच हप्ता त्यात पुन्हा येणे म्हणून दाखविला जाण्याचा संभव असतो.

कागद हाती आला, की तो हप्त्यांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा. विसाव्या हप्त्यापुढील शिल्लक आणि विवरणातील मुद्दल जुळले पाहिजे. शुल्क कशावर आकारले, हे मग पाहावे. मूळ दोन लाखांवर ४ टक्के धरले असतील, तर ३,९११ च्या जागी ८,००० दिसतील. ‘इतर शुल्क’ ह्या मोघम शीर्षकाखाली एखादा हप्ता न वटल्याचा दंडही लपलेला असतो. तो खरोखरच झाला होता का, हे आपल्या बँकेच्या उताऱ्यावरून कळते.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये ह्या शुल्काबद्दल निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तीने धंद्याखेरीज अन्य कारणासाठी बदलत्या व्याजदराने घेतलेल्या कर्जावर असे शुल्क घेता येत नाही. परंतु वैयक्तिक कर्जे बहुधा स्थिर दराची असतात, त्यामुळे त्यांवर शुल्क लागू शकते. तरीही ते फेडल्या जाणाऱ्या रकमेवरच आकारावे लागते, आणि मंजुरीपत्र, करार व तथ्यपत्रक ह्यांत आधी सांगितले नसेल तर घेता येत नाही. त्याआधीच्या कर्जासाठी आपला करार काढून वाचावा. काही करारांत अमुक हप्ते भरल्याखेरीज कर्ज बंदच करू न देण्याचीही अट असते.

आता मुख्य प्रश्न : फेडावे की नाही? आपल्या उदाहरणात उरलेले सोळा हप्ते १,०६,२८८ रुपयांचे होतात. आज बंद केल्यास १,०२,७६७ लागतात, म्हणजे सुमारे ३,५०० रुपये वाचतात. बचत खात्यात पडून असलेल्या पैशासाठी हा व्यवहार ठीक. पण त्यासाठी सात टक्क्यांची ठेव मोडावी लागत असेल, तर ठेवीच्या पैशातून हप्ते भरत राहणे, व्याजावरील कर सोडून पाहिल्यास, थोडे फायद्याचेच ठरते. आणि केवळ सहा हप्ते उरले असताना तर हिशेब उलटतो. तेव्हा मुद्दल सुमारे ३८,५०० रुपये असते, पुढील व्याज १,३६० च्या आसपास, तर शुल्क व कर मिळून १,८०० हून अधिक! कर्जमुक्तीचे समाधान मोलाचे असेलही, पण त्याची किंमत विवरण पाहिल्यावरच कळते.

फेडण्याचे ठरले, तर विवरणातील रक्कम पैशापैशाने तेवढीच, ग्राह्य मुदतीच्या आत भरावी. एक दिवस उलटला तर बत्तीस रुपये वाढतात आणि तेवढ्यासाठी खाते उघडे राहू शकते. सुट्टीच्या तोंडावर भरणा करण्याचे टाळावे. त्यानंतर येणे बाकी नसल्याचा दाखला मागावा, आणि आपल्या बँकेस दिलेला हप्ता वळता करण्याचा आदेश रद्द झाला, ह्याची खात्री करावी. महिना-दीड महिन्याने पतअहवाल मागवून त्यात कर्ज ‘बंद’ असे दिसते का, ते पाहावे. विवरणच मिळत नसेल किंवा आकड्यांवरील हरकतीस उत्तर येत नसेल, तर प्रथम संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. विनंतीचा तो दिनांकित ई-मेल अथवा पोच घेतलेली प्रत तेथे जोडावी.