ज्येष्ठ कोण, आणि कोणत्या खिडकीवर?

'ज्येष्ठ' या शब्दाची घडण मोठी सूचक आहे. पाणिनीने हे रूप दोन शब्दांवरून सिद्ध केले आहे : एक 'प्रशस्य' आणि दुसरा 'वृद्ध'. म्हणजे सर्वांत गौरवार्ह तोही ज्येष्ठ आणि सर्वांत वयस्क तोही ज्येष्ठ. शिवाय हा शब्द मुळात सापेक्ष आहे. माणूस कोणाहून तरी ज्येष्ठ असतो. शासनाने त्याला 'नागरिक' हे पद जोडले, तेव्हा त्यातली सापेक्षता संपली आणि तिच्या जागी एक आकडा आला. अडचण अशी, की हा आकडा एक नाही.

बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आणि एकोणसाठ वर्षांची त्यांची पत्नी कल्पून पाहू. आयकर कायद्याच्या दृष्टीने गृहस्थ ज्येष्ठ आहेत, कारण तेथील रेषा ६० ची आहे. बँकेतही ते ज्येष्ठ. बहुतेक बँका साठीनंतर मुदत ठेवीवर अर्धा टक्का अधिक व्याज देतात. तेथून ते एसटी स्थानकावर जातात आणि एकदम तरुण होतात. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत ६५ व्या वर्षी सुरू होते. बाईंना मात्र अर्धे तिकीट मिळते, तेही वयामुळे नव्हे, तर मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना ते आहे म्हणून. रेल्वेच्या खिडकीवर दोघांनाही पूर्ण भाडे. २० मार्च २०२० पूर्वी तेथे साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला ५० टक्के सूट होती. ती साथीच्या काळात थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. खालच्या बर्थच्या राखीव कोट्यासाठी मात्र तीच रेल्वे स्त्रीचे वय ४५ धरते.

या रेषा शरीराकडे पाहून आखलेल्या नाहीत, हे उघड आहे. २०११ च्या अर्थसंकल्पाने करासाठीची मर्यादा ६५ वरून ६० वर आणली आणि ८० वर्षांवरील 'अतिज्येष्ठ' असा नवा वर्ग निर्माण केला. व्याकरणदृष्ट्या हा तमभावावर चढवलेला आणखी एक तमभाव! एसटीने २०२२ साली ७५ वर्षांपुढील प्रवाशांना मोफत प्रवास दिला. तो 'अमृत' ज्येष्ठांसाठी होता, आणि ते वर्ष स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे होते. पंच्याहत्तरीला गुडघ्यांचे काही वेगळे होते, म्हणून ती रेषा तेथे आली नाही. रेषा कोठे पडते हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात : सवलतीचा भार कोण उचलणार आणि रेषेच्या आत किती माणसे येणार.

प्रश्न केवळ विसंगतीचा असता, तर तो सोडून देता आला असता. पण या सवलती कोणाच्या पदरात किती टाकतात, ते पाहण्यासारखे आहे. दहा लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाच हजार रुपये. ठेव नसलेल्या वृद्धाला शून्य. जुन्या करप्रणालीत साठीनंतर करमुक्त मर्यादा अडीच लाखांवरून तीन लाखांवर जाते. उत्पन्न पाच लाखांहून अधिक असेल, तर त्याचा लाभ उपकर धरून २,६०० रुपये. त्याहून कमी उत्पन्न असलेल्याला सूट-तरतुदीमुळे तसाही कर नाही, तेव्हा त्याला या ज्येष्ठत्वाचा उपयोग नाही. नव्या प्रणालीत तर वयाला करमुक्त मर्यादेपुरते स्थानच उरलेले नाही. म्हणजे साठीची उदार रेषा आहे ती जेथे काही साठवलेले आहे तेथे. आणि शेतमजूर वृद्ध जेथे खरोखर पोचतो, त्या एसटीच्या दारात ती पाच वर्षे पुढे ढकललेली.

त्यातही वय सिद्ध करावे लागते. आपल्याकडे एका पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरले आणि तारीख शाळेच्या सोयीची लिहिली. तीच पुढे आधार कार्डावर आली. त्या अंदाजात तीन वर्षे कमी लागली असतील, तर अर्धे तिकीटही तीन वर्षे उशिरा मिळते.

सर्वत्र एकच रेषा ओढावी, असे मी म्हणणार नाही. मरणाच्या सावलीतल्या ऐंशीच्या माणसाची आणि साठीच्या माणसाची गरज एक नसते. माझे म्हणणे एवढेच, की जेथे सवलत गरजेला उत्तर देते तेथे रेषा खाली असावी. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा ६० हे वय मानतो. एसटीनेही ते मानावे. रेल्वेने वातानुकूलित डब्यांचे काय ते ठरवावे, पण शयनयान श्रेणीतील सूट परत द्यावी. संसदेच्या स्थायी समितीनेही तिच्या विचाराची शिफारस केलेली आहे. त्यासाठी पैसा कोठून, हा प्रश्न रास्त आहे. तथापि ठेवीदाराचा अर्धा टक्का आपल्याला सन्मान वाटतो आणि मजुराचे अर्धे तिकीट मात्र ओझे, हा भेद हिशेबातून आलेला नाही. 'प्रशस्य' कोण, याविषयीच्या आपल्या मतातून तो आला आहे.